बॅकग्राउंड बदलल्यावर वस्तूभोवती उरणारी रेघ: कुठून येते, कशी घालवायची

हाताने बनवलेल्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांचे फोटो मी दुरुस्त करून देते. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते. फोटो चांगला आहे, जुनं बॅकग्राउंड काढून पांढरं किंवा फिकट रंगाचं टाकलं आहे, पण वस्तूभोवती एक बारीक रेघ राहते आणि सगळा फोटो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. अ‍ॅप बदलून पाहिलं तरी रेघ जात नाही, कारण बहुतेक वेळा तिचं मूळ कापण्यात नसतं. ती मूळ फोटोतच बसलेली असते.

आधी लक्षण नीट ओळखा

फोटो १०० टक्के झूमवर उघडा आणि वस्तूच्या कडेवरून नजर फिरवा. बॅकग्राउंड काढलेली वस्तू आळीपाळीने पांढऱ्या, काळ्या आणि मधल्या राखाडी रंगावर ठेवून पाहा. एकाच रंगावर पाहिलं तर अर्धे दोष लपून राहतात. साधारण पुढचे प्रकार सापडतात.

- रेघेत जुन्या बॅकग्राउंडचाच रंग आहे, आणि ती सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची आहे. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.
- रेघ जुन्या बॅकग्राउंडपेक्षाही उजळ आहे, वस्तूला प्रकाशाची किनार लावल्यासारखी. हे फोनच्या शार्पनिंगचं, म्हणजे कडा आपोआप ठळक करण्याचं, काम.
- रंग रेघेपुरता थांबत नाही, वस्तूच्या बाजूंवर आतपर्यंत पसरला आहे. हे बॅकग्राउंडवरून परतलेल्या उजेडाचं प्रतिबिंब आहे, ती रेघ नव्हे.
- कड गुळगुळीत आहे, पण लोकरीची लव किंवा दोऱ्याचे तंतू गायब आहेत.
- कडेभोवती मळकट ठिपके किंवा पायऱ्या दिसतात.
- तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक, पण दुकानाच्या पानावर, विशेषतः गडद थीममध्ये, रेघ उठून दिसते.

यातलं कुठलं लक्षण आहे ते ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मास्क म्हणजे वस्तूचा कुठला भाग दिसेल आणि कुठला झाकला जाईल हे ठरवणारा थर. तो आत ढकलून पहिला प्रकार बरा होतो. तेच चौथ्या प्रकारात केलं तर उरलेली लवही जाते.

फाइल मूळ आहे का

ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून आला असेल तर तो लहान झालेला असतो आणि पुन्हा दाबून साठवलेला असतो. समजा मूळ फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल होती आणि वस्तूची उंची त्यात २४०० पिक्सेल. पुढे पाठवताना लांब बाजू १६०० वर आली, तर वस्तू उरली ९६० पिक्सेलची. वस्तू आणि बॅकग्राउंड यांच्या सीमेवर दोन-तीन पिक्सेलची सरमिसळ कुठल्याही फोटोत असतेच. २४०० मध्ये ती नजरेत भरत नाही, ९६० मध्ये तिचं प्रमाण अडीच पट होतं.

दुसरी गोष्ट रंगाची. जेपीईजी फाइलमध्ये उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकदाच साठवली जाते. त्यामुळे रंग सीमेच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन पिक्सेल सांडतो. हिरव्या चादरीवर ठेवलेल्या लाल वस्तूच्या कडेला हिरवट छटा येते ती बऱ्याचदा इथूनच. फाइल जितक्या वेळा जेपीईजीत साठवाल तितकी ही घाण वाढते. मळकट ठिपकेही त्याच दाबण्यातून येतात.

म्हणून फोनमधली मूळ फाइल मागवा, आणि मेसेजवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल हाती आल्यावर तेच अ‍ॅप, तीच सेटिंग वापरूनही रेघ निम्मी होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

साठवण्याचा क्रम आणि प्रकार

कापलेली वस्तू जेपीईजीत साठवता येत नाही, कारण त्या प्रकारात पारदर्शकता नाही. तसं केलं की प्रोग्राम पारदर्शक जागा पांढऱ्याने किंवा काळ्याने भरून टाकतो आणि अर्धपारदर्शक कड त्याच रंगात कायमची मिसळते. पुढे तीच फाइल दुसऱ्या रंगावर ठेवली की पांढरी किंवा काळी रेघ हजर. कापलेली वस्तू नेहमी पीएनजीत ठेवा. नवीन बॅकग्राउंडवर बसवून झाल्यावर, शेवटची एकच प्रत जेपीईजीत काढा.

क्रमही महत्त्वाचा. आधी पूर्ण आकारात कापा, पूर्ण आकारातच नवीन बॅकग्राउंडवर बसवा, आणि मग फोटो लहान करा. लहान करताना सीमेवरची सरमिसळ नव्या बॅकग्राउंडशी होते. आधी लहान करून मग कापलं तर तीच सरमिसळ जुन्याशी झालेली असते.

गडद थीमचा प्रश्नही इथेच सुटतो. पारदर्शक पीएनजी थेट अपलोड केली असेल तर मागे कुठला रंग येईल ते पान ठरवतं, तुम्ही नाही. पांढऱ्यावर न दिसणारी फिकट कड काळ्यावर ओरडते. दुकानाच्या पानावर पारदर्शक फाइल देऊ नका, भरलेलं बॅकग्राउंडच द्या.

नवीन रंग जुन्याच्या जवळचा निवडता येईल का

हा उपाय लोक विचारातच घेत नाहीत. मला मात्र तो सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला वाटतो. तो का चालतो हे एका उदाहरणातून पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

क्रोशाने विणलेली पिवळ्या लोकरीची बाहुली आहे. फोटो गडद निळ्या चादरीवर काढला आहे आणि ती पांढऱ्यावर हवी आहे. पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत, ० ते २५५ पर्यंत मोजतात, आणि तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. लोकरीचा रंग लाल २४०, हिरवा २०५, निळा ११०. चादरीचा ३०, ४०, ९०. सीमेवरच्या एखाद्या पिक्सेलमध्ये अर्धी लोकर आणि अर्धी चादर आली, तर ढोबळ हिशेबाने त्याचा रंग १३५, १२३, १०० होतो, म्हणजे मळकट करडा.

आता अ‍ॅप काय करतं? हा पिक्सेल अर्धा पारदर्शक आहे हे ते बरोबर ओळखतं, पण त्याचा रंग तसाच ठेवतं. पांढऱ्यावर ठेवल्यावर तो १९५, १८९, १७८ दिसतो. खरं तर अर्धी लोकर आणि अर्धा पांढरा मिळून तो २४८, २३०, १८३ दिसायला हवा होता. लालमध्ये ५३ची तूट आहे, हिरव्यात ४१ची. डोळ्याला दिसणारी मळकट रेघ म्हणजे ही तूट. पारदर्शकता अचूक काढली तरी ती राहते, कारण पिक्सेलच्या रंगात चादर आधीच मिसळली आहे.

हीच बाहुली फिकट राखाडीवर, म्हणजे २१५, २१५, २१५ वर काढली असती तर? सीमेवरचा पिक्सेल २२८, २१०, १६३ झाला असता आणि पांढऱ्यावर २४१, २३३, २०९ दिसला असता. लालची तूट ५३ वरून ७ वर आली. निळा २६ ने जास्त आहे, म्हणजे कड किंचित फिकी दिसेल, पण ती लोकरीच्या मऊपणात खपून जाते.

उलटं वाचलं तर उपाय मिळतो. फोटो गडद चादरीवर काढून झाला असेल आणि पुन्हा काढता येत नसेल, तर नवीन बॅकग्राउंडही गडद निवडा. गडद निळसर राखाडीवर तीच बाहुली कुठलीही दुरुस्ती न करता बसते. मुख्य फोटो पांढऱ्यावरच हवा अशी विक्रीच्या संकेतस्थळाची अट असेल तर हा मार्ग त्या फोटोपुरता बंद आहे. बाकीच्या फोटोंसाठी तो खुला राहतो.

वस्तू अजून हाताशी आहे का

असेल तर इथेच थांबा आणि फोटो पुन्हा काढा. पुढच्या पायऱ्यांत तासभर घालवण्यापेक्षा हे लवकर होतं. एकेकच बनणाऱ्या वस्तू विकल्या की परत मिळत नाहीत, तेव्हा हा निर्णय वस्तू पाठवण्याआधी घ्यायला हवा.

पुन्हा काढताना मागे रंगीत कापड नको. फिकट राखाडी कागद घ्या. वस्तूच पांढरी असेल तर मधला राखाडी. राखाडीत रंगच नसल्यामुळे सांडायलाही काही नसतं, परतणाऱ्या उजेडातही छटा नसते. वस्तू मागच्या कागदापासून जमेल तितकी पुढे ओढा, हातभर अंतर मिळालं तरी फरक दिसतो. वस्तूच्या बाजूंवर चढलेली छटा, म्हणजे वरच्या यादीतला तिसरा प्रकार, मुख्यतः या अंतरानेच जातो. खालचा कागद तर वस्तूला टेकलेलाच असतो, त्यामुळे तोही राखाडीच ठेवा.

फोनचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो बॅकग्राउंड धूसर करताना वस्तूच्या कडेचा अंदाज स्वतःच लावतो, आणि लोकरीच्या लवेवर तो अंदाज हमखास चुकतो. धूसर झालेली लव नंतर कुठल्याही प्रोग्रामला सापडत नाही. बोटांनी झूम करण्याऐवजी फोन जवळ न्या, कारण डिजिटल झूममध्ये प्रोग्राम पिक्सेल ताणतो आणि वर शार्पनिंग चढवतो. उजळ किनार दिसत असेल तर तिचं कारण हे शार्पनिंग आहे: गडद आणि फिकट यांच्या सीमेवर फिकट बाजू आणखी फिकट केली जाते. कॅमेऱ्यात शार्पनिंग कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा, कच्ची म्हणजे RAW फाइल घेता येत असेल तर आणखी उत्तम.

मास्क आत ढकलणे: फक्त कडक कडेसाठी

लाकूड, भाजलेली माती, चामडं, घट्ट कापड अशा स्वच्छ कडेच्या वस्तूंना एवढं पुरतं. सरमिसळ झालेला एक-दोन पिक्सेलचा पट्टाच झाकून टाकायचा. मोठ्या फाइलमध्ये वस्तूचा तेवढा भाग गेल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

खोडरबर वापरू नका, मास्क वापरा. पुसलेलं परत येत नाही, मास्क मात्र कधीही बदलता येतो. GIMP या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये कापलेल्या वस्तूच्या लेयरला, म्हणजे थराला, मास्क जोडताना Transfer layer's alpha channel हा पर्याय निवडा. खाली नव्या रंगाचा लेयर ठेवा. मग मास्कवर क्लिक करून Colors > Levels उघडा आणि डावीकडचा काळा टोकबिंदू ० वरून हळूहळू ८०-९० पर्यंत आणा. मास्कमध्ये काळं म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि पांढरं म्हणजे पूर्ण दिसणारं. ९० पेक्षा गडद असलेले, म्हणजे बहुतांश बॅकग्राउंडच असलेले पिक्सेल त्यामुळे नाहीसे होतात, उरलेल्यांची कड मऊच राहते. एवढ्याने भागलं नाही तर मास्कवर Filters > Generic > Erode एकदा चालवा. दोनदा चालवावं लागलं तर बारीक भागांवर लक्ष ठेवा: पातळ दांडा, कानातल्याचा हूक, दोऱ्याची गाठ. हे भाग दोन्ही बाजूंनी कमी होतात आणि पटकन तुटतात. तेवढ्या जागी मास्कवर पांढऱ्या ब्रशने ते परत आणा.

Photoshop असेल तर Layer > Matting > Defringe एक पिक्सेलवर चालवून पाहा. ते कडेचे पिक्सेल न काढता त्यांचा रंग आतल्या रंगाने बदलतं.

लोकर, सुतळी, झालर: कड ठेवा, रंग बदला

इथे मास्क ढकलणं चालत नाही. लोकरीचा सुटा तंतू बऱ्याचदा एक-दोन पिक्सेलचाच असतो, म्हणजे तो सगळाच सरमिसळीत असतो. मास्क आत नेला की तंतू गेला, आणि बाहुली प्लास्टिकची वाटू लागली. हाताने विणलेल्या वस्तूचा पोत हाच तर ग्राहक पाहत असतो, म्हणून ही पायरी मी कधी घाईने करत नाही.

युक्ती अशी की आकार मास्कमध्ये राहतो आणि रंग लेयरमध्ये. दोन्ही वेगळे असल्यामुळे आकाराला हात न लावता रंग दुरुस्त करता येतो. मास्क वरच्या पद्धतीने जोडा, पण Levels मध्ये जास्तीत जास्त ३०-४० पर्यंतच जा. मग मास्क सोडून लेयरच्या चित्रावर क्लिक करा. Clone साधन घ्या, मऊ ब्रश घ्या, कडेपासून दहा-पंधरा पिक्सेल आतली स्वच्छ लोकर नमुना म्हणून निवडा आणि कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरवा. ब्रश कडेबाहेर गेला तरी बिघडत नाही, बाहेरचं मास्क झाकतो. निळा मिसळलेल्या पिक्सेलना आता शुद्ध पिवळा मिळतो, आणि अर्धपारदर्शक असल्याने ते नव्या बॅकग्राउंडशी हवे तसे मिसळतात. आपल्या उदाहरणातली ५३ची तूट इथे जवळपास शून्यावर येते.

नमुना सारखा बदलत राहा. उजेडाच्या बाजूचा पिवळा सावलीच्या बाजूला लावला तर तिथे चमकती कड तयार होते, आणि ती मूळ रेघेपेक्षा वाईट दिसते. जिथे दोन रंगांची लोकर भेटते तिथे प्रत्येक रंगाचा नमुना त्याच्याच भागातून घ्या.

Photoshop च्या Select and Mask मध्ये Decontaminate Colors हा पर्याय हेच काम आपोआप करतो. एकरंगी लोकरीवर तो छान चालतो. अनेक रंगांच्या विणकामावर तो शेजारचा चुकीचा रंग ओढून आणतो, तिथे हातानेच करा.

आतपर्यंत चढलेली छटा याने जात नाही. त्यासाठी वर एक नवीन लेयर घेऊन त्याचा मोड रंगापुरता ठेवा. GIMP मध्ये तो HSL Color नावाने आहे. वस्तूचा खरा रंग मऊ ब्रशने, कमी अपारदर्शकतेने त्या भागावर फिरवा. उजेड-सावली तशीच राहते, फक्त छटा बदलते. हे करताना खरी वस्तू शेजारी ठेवून पडताळा. फोटो सुंदर दिसावा म्हणून रंग सरकवला तर ग्राहकाच्या हाती वेगळ्याच रंगाची वस्तू पडेल आणि ती परत येईल.

तळाशी दिसणारी काळपट पट्टी रेघ समजून काढू नका, ती बहुधा वस्तूची सावली असते. ती पूर्ण गेली की वस्तू हवेत तरंगते. जुनी सावली जुन्या कापडाच्या रंगाची असेल तर ती काढून वस्तूखालच्या नव्या लेयरवर गडद राखाडी लंबगोल रंगवा, भरपूर धूसर करा, मोड Multiply ठेवा आणि अपारदर्शकता ३०-४० टक्क्यांवर आणा. वस्तू जिथे टेकते तिथे ती सगळ्यात गडद असली पाहिजे.

कुठे थांबायचं

ग्राहक ज्या आकारात फोटो पाहणार त्या आकारात, आणि पानावर झूमची सोय असेल तर त्या झूमवर, रेघ दिसत नसेल तर काम झालं. ३०० टक्क्यांवर दिसणाऱ्या एखाद्या पिक्सेलच्या मागे लागू नका.

काही वस्तूंवर मात्र घरी वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काच, पारदर्शक रेझिन, काचेचे मणी, जाळी, बारीक लेस, आणि चकचकीत धातू. काचेत आणि रेझिनमध्ये जुनं बॅकग्राउंड कडेलाच नाही, वस्तूच्या आरपार दिसतं. चकचकीत धातूत त्याचं प्रतिबिंब असतं. तिथे कापण्याने काही साधत नाही, वस्तूचा आतला भागच नव्याने घडवावा लागतो. लेसमध्ये प्रत्येक भोक वेगळं कापायचं असतं. अशा वस्तू फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाकडून थेट हव्या त्या बॅकग्राउंडवर काढून घ्या, किंवा फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. मऊ वस्तूंवरही मूळ फाइल, दोनदा केलेला मास्क आणि रंगदुरुस्ती एवढं होऊन रेघ दिसत असेल तर तिथेच थांबा. तिसऱ्या फेरीत रेघ कमी होत नाही, पोत मात्र खराब होतो.

व्यावसायिकाला कापलेली पीएनजी देऊ नका. मूळ, न छेडलेली फाइल द्या, वस्तूचा खरा रंग कसा आहे ते लिहून द्या, नवीन बॅकग्राउंडचा नेमका रंग आणि फोटोचा आकार आधीच सांगा. परत घेताना तयार फोटोबरोबर मास्क असलेली लेयरची फाइलही मागून घ्या. पुढे बॅकग्राउंडचा रंग बदलावासा वाटला तर मास्क तयार असेल, आणि पुन्हा कापायला पैसे द्यावे लागणार नाहीत.